पाणी "येत" नाही: परदेशी हॉटेलात खोलीतली अडचण इंग्रजीत कशी सांगावी

लंडनला शिकत असताना दीड वर्ष मी पॅडिंग्टन स्टेशनजवळच्या एका लहान हॉटेलात शुक्रवार-शनिवारच्या रात्रपाळीला रिसेप्शनवर बसत होते. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्यात ह्या दोन रात्री बसायच्या. त्या भागात व्हिक्टोरियन काळातली जुनी घरं रांगेने उभी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच घरांची आता हॉटेलं झाली आहेत. जिने अरुंद, खोल्या चिमुकल्या, पाइप जुने. त्यामुळे रात्री फोन वाजला की बहुतेक वेळा खोलीतलं काहीतरी बिघडलेलं असायचं.

एका शुक्रवारी अकराला कामावर आले, तर संध्याकाळच्या पाळीचा मुलगा निघता निघता म्हणाला, "214 नंबरला पाणी हवं होतं, दोन बाटल्या पाठवल्यात." पाचच मिनिटांत 214 चा फोन आला. आवाज वैतागलेला, इंग्रजी अडखळतं, आणि मागून बायकोचा आवाज शुद्ध मराठीत: "अहो, आंघोळीचं सांगा त्यांना, आंघोळीचं!" मी मराठीतच विचारलं, "काका, काय झालंय?" पलीकडे क्षणभर शांतता. मग काका म्हणाले, "अगं बाई, पाणी येत नाही म्हणून सांगितलं, तर ते पोरगं बिसलरी ठेवून गेलं!"

काकांनी सांगितलं होतं, "वॉटर इज नॉट कमिंग." मराठीत पाणी येतं आणि जातं, नगरपालिकेचं असो की बोअरचं. इंग्रजीत मात्र हॉटेलच्या खोलीत पाणी "कमिंग" नाही म्हटल्यावर त्या मुलाला वाटलं, कोणीतरी पाणी आणून देणार होतं आणि ते आलेलं नाही. त्याची चूक नव्हती. काकांचीही नव्हती.

पुढे मी त्यांना दोन प्रश्न विचारले. पाणी अजिबात नाही की गरम नाही? गरम नाही. बेसिनच्या नळालाही गरम नाही की फक्त शॉवरला? बेसिनला आहे, शॉवर थंडगार. एवढ्यावर कारण कळलं. ह्या खोल्यांमध्ये शॉवरला स्वतःचा विजेचा हीटर असतो आणि त्याचा मुख्य स्विच बहुतेक वेळा छतातून लोंबणारी दोरी असते. दोरी ओढली की वर छोटा लाल दिवा लागतो. सकाळी खोली साफ करणाऱ्या बाईंनी ती बंद केली होती. काकांनी दोरी ओढली, दिवा लागला, पाणी तापलं. दोन तासांचा मनस्ताप दहा सेकंदांत मिटला.

ह्या प्रसंगातून मला एक गोष्ट पक्की कळली. तुमचं वाक्य कानावर पडताच रिसेप्शनवरचा माणूस एकच ठरवत असतो: कोणाला पाठवू? चादर, टॉवेल, उशी, सफाई असेल तर हाउसकीपिंग. नळ, दिवा, रेडिएटर, कुलूप असेल तर मेंटेनन्स. काहीच होण्यासारखं नसेल तर दुसरी खोली. तुमचं वाक्य त्याला हे ठरवू देत असेल, तर व्याकरण थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. ठरवू देत नसेल, तर अस्खलित इंग्रजीलाही बाटल्याच मिळतात.

बिघाडाला त्याचं नाव

म्हणून आधी बिघाड नेमका सांगायचा. काकांनी म्हणायला हवं होतं: "देअर इज नो हॉट वॉटर इन द शॉवर. द टॅप इन द बेसिन इज फाइन." शॉवरला गरम पाणी नाही, बेसिनचा नळ ठीक आहे. दुसरं वाक्य फुकटचं वाटतं, पण सगळ्यात जास्त काम तेच करतं. काय बिघडलंय ह्याच्याबरोबर काय चालू आहे हे सांगितलं की निम्मं निदान तिथेच होतं.

पाणी मुळीच नसेल तर "देअर इज नो वॉटर अ‍ॅट ऑल." धार बारीक असेल तर "द वॉटर प्रेशर इज व्हेरी लो." नळ बंद करूनही थेंब पडत असतील तर "द टॅप वोंट स्टॉप ड्रिपिंग." अमेरिकेत टॅपऐवजी फॉसेट म्हणतात, पण टॅप म्हटलेलं तिथेही कळतं. शॉवरखालचं पाणी तुंबून राहत असेल तर "द शॉवर इजंट ड्रेनिंग." कमोड तुंबला असेल तर ब्रिटनमध्ये "द टॉयलेट इज ब्लॉक्ड", अमेरिकेत "क्लॉग्ड". आपल्याकडे हे सांगताना माणूस ओशाळतो आणि "बाथरूममध्ये जरा प्रॉब्लेम आहे" एवढंच म्हणून थांबतो. मग वर येणारा माणूस हातात बल्ब घेऊन येतो. ब्लॉक्ड हा अगदी कोरडा, कामाचा शब्द आहे. तो म्हणताना लाजायचं कारण नाही.

थंडीत सगळ्यात जास्त फोन रेडिएटरचे येतात. रेडिएटर म्हणजे भिंतीला लावलेली लोखंडी पट्ट्यांची पेटी. तिच्यातून गरम पाणी फिरतं आणि खोली उबदार होते. "रूम इज कोल्ड" म्हटलं तर मी जास्तीची रजई पाठवीन. तिथे रजईला डुव्हे म्हणतात. पण हात लावून बघून सांगितलंत, "द रेडिएटर इज कोल्ड अ‍ॅट द टॉप अँड वॉर्म अ‍ॅट द बॉटम", वरून गार आणि खालून कोमट, तर मेंटेनन्सवाल्याला वर जायच्या आधीच समजतं की आत हवा अडकली आहे. तो खिशात एक छोटी किल्ली टाकून येतो, बाजूचा स्क्रू थोडा सैल करतो, फुस्स करून हवा जाते आणि पाच मिनिटांत काम होतं. पूर्ण गार असेल तर "स्टोन कोल्ड" म्हणा. मग त्याला वेगळा संशय येतो, व्हॉल्व्ह अडकल्याचा.

फोन उचलण्याआधी मात्र दोन मिनिटं खोलीभर नजर फिरवा. दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलंय का, कारण बऱ्याच हॉटेलांत ते घातल्याशिवाय वीज चालू होत नाही. रेडिएटरच्या टोकाला 1 ते 5 आकड्यांची चकती असते, ती बर्फाच्या चिन्हावर तर नाही ना, हेही बघा. ब्रिटनमधल्या प्लगला आपल्यासारखाच बाजूला स्विच असतो. तो बंद असतो आणि लोक चार्जर बिघडला म्हणून खाली येतात. आणि बाथरूममध्ये दिसेल ती दोरी ओढू नका. अपंगांसाठी केलेल्या खोल्यांमध्ये लाल दोरी जमिनीपर्यंत आलेली असते आणि ती मदतीच्या घंटेची असते. ओढली तर मी धावत वर येणार, आणि तुम्ही टॉवेलमध्ये.

एसीचंही एक सांगते. लंडनच्या लहान हॉटेलांत एसी बहुतेक वेळा नसतोच. उन्हाळ्यात "द एसी इज नॉट वर्किंग" असे फोन यायचे आणि मला सांगावं लागायचं की भिंतीवर जे दिसतंय ते हीटरचं बटण आहे. तिथे मागायचा पंखा: "इट्स व्हेरी वॉर्म इन हिअर. डू यू हॅव अ फॅन वी कुड यूज?"

आदर कुठे ठेवायचा

आता गोडवा. मराठीत आदर क्रियापदात असतो. "बघा ना जरा", "कुणाला तरी पाठवता का", "द्या की हो एक उशी". हे "ना", "का", "जरा" काढून घेतले आणि उरलेलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं, की "सेंड समवन" उरतं, म्हणजे "पाठव कुणाला तरी". बोलणाऱ्याच्या मनात अहोजाहो असतं, ऐकणाऱ्याला अरेतुरे ऐकू येतं. पुढे प्लीज लावलं तर थोडं सुधारतं, पण वाक्य हुकमाचंच राहतं.

इंग्रजीत "तुम्ही" वेगळा नाही, त्यामुळे आदर वाक्याच्या सुरुवातीलाच ठेवावा लागतो, आणि त्यासाठी एकच शब्द पुरतो: कुड. "कुड यू सेंड समवन अप टु हॅव अ लुक, प्लीज?" कोणाला तरी वर बघायला पाठवता का? आपल्या "पाठवता का" मधला "का" जे करतो, तेच इथे "कुड" करतो: समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवतो, आणि जागा ठेवली म्हणूनच तो हो म्हणतो. ह्याच साच्यात उशी बसते, टॉवेल बसतो: "कुड वी हॅव टू मोअर पिलोज, प्लीज?" हे एक वाक्य तोंडात बसलं की तीन चतुर्थांश प्रवास निभावतो.

दुसरा शब्द ऐकायला विचित्र आहे: "आय अ‍ॅम अफ्रेड". शब्दशः "मला भीती वाटते". पण तक्रार सांगताना ब्रिटिश माणूस तो आपल्या "अहो, एक सांगायचं होतं"सारखा वापरतो. "आय अ‍ॅम अफ्रेड द शॉवर इज रनिंग कोल्ड." ह्यात भीती काही नाही, पुढे येणारी बातमी थोडी अप्रिय आहे, एवढीच सूचना. अमेरिकेत तो कमी ऐकू येतो, तिथे "हाय, इट लुक्स लाइक द शॉवर इजंट गेटिंग हॉट" असं बोलतात. दोन्हीकडे मर्म तेच: वाक्यात "तुम्ही" येत नाही. शॉवर थंड आहे. तुम्ही मला थंड शॉवर दिलात असं नाही.

ह्याच्या अगदी उलट जाणारा एक शब्दप्रयोग आपल्या लोकांच्या तोंडात फार असतो, तो म्हणजे "यू पीपल". मराठीत "तुम्ही लोक कधी पाठवणार?" हे फार तर कंटाळलेलं वाक्य आहे. इंग्रजीत "यू पीपल" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या अख्ख्या जमातीला नाव ठेवलं. समोरचा वेगळ्या वर्णाचा असेल तर प्रकरण चिघळतं. रिसेप्शनवर माझ्याबरोबर काम करणारी नायजेरियन मुलगी हे ऐकून एकदा तडक मागच्या खोलीत निघून गेली होती, आणि बोलणाऱ्या गृहस्थांना शेवटपर्यंत कळलं नाही काय झालं ते. "यू" पुरतं, पीपल लावूच नका.

"कम्प्लेंट" हा शब्दही जपून वापरायचा. आपल्याकडे सोसायटीच्या वहीत नळाची कम्प्लेंट लिहितात, एमएसईबीत लाइटची कम्प्लेंट देतात. तो रोजचा शब्द आहे. ब्रिटनमध्ये "आय वाँट टु मेक अ कम्प्लेंट" म्हटलं की मॅनेजरला बोलवायचं आणि सगळं लेखी घ्यायचं, असा संकेत आहे. दिवा लागत नाही म्हणून तुम्ही एकदम पंचायत बसवलीत असं होतं. पहिल्या फोनला "देअर इज अ स्मॉल प्रॉब्लेम विथ द लाइट" एवढंच पुरे. कम्प्लेंट हा शब्द हातचा राखून ठेवा, कदाचित लागेल.

सर-मॅडम म्हणायची गरज नसते. तिथे पाहुणा रिसेप्शनिस्टला सर म्हणत नाही. "हाय, गुड ईव्हनिंग" हाच पूर्ण मान. आणि "काइंडली डू द नीडफुल" घरी ठेवून जा. सरकारी पत्रातला तो वाक्प्रचार तिथल्या तरुण पोरांनी बहुधा ऐकलेलाही नसतो.

पूर्ण फोन

तर काकांचा फोन पहिल्यापासून असा व्हायला हवा होता. "हाय, दिस इज रूम टू वन फोर." नंबर आधी, आणि एकेक आकडा सुटा. टू हंड्रेड फोर्टीन म्हणू नका. फोर्टीन आणि फोर्टी फोनवर सारखेच ऐकू येतात आणि माणूस भलत्याच खोलीवर जातो. मधे शून्य असेल तर "ओ" म्हटलेलं चालतं: 302 म्हणजे थ्री ओ टू. मग: "आय अ‍ॅम अफ्रेड देअर इज नो हॉट वॉटर इन द शॉवर. द बेसिन इज फाइन. वी हॅव लेफ्ट इट रनिंग फॉर टेन मिनिट्स." दहा मिनिटं सोडून पाहिलं. हे महत्त्वाचं, कारण जुन्या इमारतीत गरम पाणी वर चढायला वेळ लागतो आणि रिसेप्शनचा पहिला प्रश्न हाच असतो. इथे "सिन्स टेन मिनिट्स" म्हणायचा मोह होतो, कारण मराठीत "दहा मिनिटांपासून" असतं; पण किती वेळ झाला हे सांगायला इंग्रजीत "फॉर" लागतं. सिन्स म्हटलं तरी कळतं, हे मी आतल्या गोटातून सांगते. शेवटी: "कुड यू सेंड समवन अप टु हॅव अ लुक, प्लीज?"

एवढं बोलून झालं की पलीकडून उत्तर येतं, आणि बरेच लोक तिथे अडकतात. "बेअर विथ मी" म्हणजे जरा थांबा, मी बघते. अस्वलाचा काही संबंध नाही. "लीव्ह इट विथ मी" म्हणजे हे काम मी अंगावर घेते, तुम्ही निश्चिंत राहा. पण त्यात वेळ कुठेच नाही, हे लक्षात घ्या. "समवन विल बी अप शॉर्टली" मधलं शॉर्टली म्हणजे आपलं "येतोच आहे". दहा मिनिटंही असतील, दीड तासही. म्हणून फोन ठेवण्याआधी हसत विचारा: "लव्हली, थँक यू. रफली हाउ लाँग विल दॅट बी?" साधारण किती वेळ? वेळ विचारणं उद्धटपणा नाही. उलट वेळ सांगितल्यावर रिसेप्शनचा माणूस बांधला जातो. मी स्वतः बांधली जायची, म्हणून सांगते.

"वुड यू माइंड इफ ही केम इन हाफ अ‍ॅन आवर?" ह्या प्रश्नाला फसू नका. माइंड म्हणजे हरकत. तुमची हरकत नसेल तर उत्तर "नो, दॅट्स फाइन" असं येतं. घाईत "येस, येस" म्हणालात तर त्याचा अर्थ "हो, हरकत आहे" असा होतो, आणि दोघंही गोंधळतात.

फोनवरचं इंग्रजी कळत नसेल तर सरळ खाली या. मोबाइलवर फोटो किंवा पाच सेकंदांचा व्हिडिओ काढून आणा आणि म्हणा, "कॅन आय शो यू समथिंग?" छतावरचा ओला डाग, गादीवरचा डाग, टपटपणारा नळ, हे दाखवायला शब्द लागतच नाहीत. चित्र पाहून मी किती तरी जपानी, इटालियन पाहुण्यांची कामं एकही पूर्ण वाक्य न ऐकता केली आहेत.

वेळेचंही भान हवं. लहान हॉटेलात मेंटेनन्सचा माणूस दिवसा असतो. आमच्याकडचा सहाला घरी जायचा. रात्री अकराला रेडिएटर गार असल्याचं कळलं तर मी फक्त प्लगला लावायचा छोटा हीटर देऊ शकत होते, नाहीतर दुसरी खोली, ती असेल तर. म्हणून खोलीत शिरल्या शिरल्या नळ सोडून बघा, फ्लश करून बघा, रेडिएटरला हात लावा, चादर उचलून गादी पाहा. दुपारी चारला सांगितलेलं काम त्याच दिवशी होतं.

तुटलं की तोडलं

खोलीत पहिल्यांदा फिरताना आणखी एका कारणासाठी डोळे उघडे ठेवायचे. मराठीत तुटणं वेगळं आणि तोडणं वेगळं. "दांडी तुटली" म्हटलं की कोणी तोडली हा प्रश्न उभाच राहत नाही. इंग्रजीत मात्र ब्रेक हे एकच क्रियापद दोन्ही कामं करतं, आणि घाबरलेला माणूस पटकन "आय ब्रोक द हँडल" म्हणून मोकळा होतो. म्हणजे गुन्हा कबूल. जी वस्तू आपोआप निखळली, तिच्यासाठी शब्द आहे "केम ऑफ": "द हँडल केम ऑफ इन माय हँड." हातातच निघून आली. आणि आधीपासून तशीच असेल तर पहिल्या तासातच सांगा: "द लॅम्प इज क्रॅक्ड. इट वॉज लाइक दिस व्हेन वी चेक्ड इन. आय जस्ट वाँटेड टु लेट यू नो." तक्रार नाही, फक्त कळवून ठेवतोय. निघताना हेच सांगितलं तर ते सबबीसारखं वाटतं.

तुमच्या हातून खरंच फुटलं असेल तर लपवू नका. "आय अ‍ॅम सो सॉरी, आय हॅव ब्रोकन अ ग्लास. कुड समवन हेल्प मी क्लिअर इट अप?" आमच्याकडे ग्लासाचे पैसे कधीच घेतले नाहीत. घेतले असते तर काचा कचऱ्याच्या पिशवीत दडवल्याबद्दल, कारण त्याने सफाईवाल्या बाईंचा हात कापला होता.

काहीच होत नसेल तेव्हा

समजा जानेवारी आहे, तीन रात्रींची खोली आहे, पहिल्या संध्याकाळी पाचला रेडिएटरचं सांगितलं. "शॉर्टली" म्हणाले, सात वाजले, कोणी आलं नाही. आता दुसरा फोन. आवाज तोच, पण ह्या वेळी घड्याळ वाक्यात येतं: "हाय, रूम टू वन फोर अगेन. आय कॉल्ड अ‍ॅट फाइव्ह अबाउट द रेडिएटर. आय वंडर इफ देअर इज एनी न्यूज." काही कळलं का, म्हणून विचारतोय. बरोबर विचारा, "सॉरी, हू अ‍ॅम आय स्पीकिंग टु?" हे नाव विचारणं आहे, पण धमकीसारखं लागत नाही. "व्हॉट इज युअर नेम?" असं विचारलं की समोरचा लगेच सावध होतो. नाव आणि वेळ मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

माणूस आला, जमलं नाही म्हणाला. मग खोली बदलून मागा: "इन दॅट केस, वुड इट बी पॉसिबल टु मूव्ह टु अनदर रूम?" हॉटेल भरलेलं असेल तर "वी आर फुली बुक्ड" असं उत्तर येईल आणि ते बहुतेक वेळा खरंच असतं. तेव्हा विचारायचं, "व्हॉट कुड यू डू फॉर अस टुनाइट?" आज रात्रीपुरतं काय करता येईल? हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. रिसेप्शनवरच्या माणसाच्या हातात काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. त्यालाच सुचवू दिलं की हीटर निघतो, जास्त डुव्हे निघतात, सकाळचा नाश्ता फुकट होतो.

दुसरी रात्रही तशीच गेली तर ड्यूटी मॅनेजरला भेटा, आणि राखून ठेवलेला शब्द आता काढा. "आय अ‍ॅम सॉरी, बट आय डू नीड टु मेक अ कम्प्लेंट. वी हॅव हॅड नो हीटिंग फॉर टू नाइट्स. वुड यू बी एबल टु टेक समथिंग ऑफ द बिल?" बिलातून काही कमी करता का? हे भीक मागणं नाही. ब्रिटनमध्ये 2015 चा ग्राहक हक्क कायदा आहे. पैसे घेऊन दिलेली सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने दिली गेली नाही, तर ती नीट करून मागायचा, आणि ते होत नसेल तर किंमत कमी करून मागायचा हक्क त्यात ग्राहकाला आहे. पण कायद्याचं नाव तोंडावर फेकायची गरज क्वचितच पडते. पाच वाजता अमक्याला, सात वाजता तमक्याला सांगितलं, एवढी नोंद शांतपणे वाचून दाखवली की पुरतं. खोली एखाद्या बुकिंग ॲपवरून घेतली असेल तर त्याच दिवशी तिथेही दोन ओळी लिहून ठेवा, कारण पैसे त्यांच्याकडे गेले असतील तर हॉटेल बोट तिकडेच दाखवतं. सगळं सोसून घरी आल्यावर लिहिलेल्या पत्राला मात्र एकच उत्तर येतं: तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत तर आम्ही काही करू शकलो असतो.

ढेकणांचं वेगळं आहे. "आय थिंक वी हॅव फाउंड बेड बग्ज" असं म्हणा, शक्य असल्यास फोटो दाखवा, आणि हे लॉबीत चारचौघांत न बोलता काउंटरशी हळू आवाजात सांगा. त्या एका शब्दाने हॉटेलात जी पळापळ होते ती मी पाहिली आहे. लगेच खोली बदलून मिळते. फक्त शेजारची घेऊ नका. ढेकूण भिंतीतून जातात. "कुड वी हॅव अ रूम ऑन अ डिफरंट फ्लोअर?"

आणि काही वेळा गोडवा पूर्ण सोडायचा. गॅसचा वास, जळकट वास, दिव्यातून ठिणग्या, छतातून पाणी. तिथे सॉरी नको, अफ्रेड नको, कुड नको. "रूम टू वन फोर. आय कॅन स्मेल गॅस." "वॉटर इज कमिंग थ्रू द सीलिंग." इथे बघा, पाणी कमिंग आहे. आग असेल तर "देअर इज अ फायर", आणि उत्तराची वाट न बघता बाहेर. ब्रिटनमध्ये बाहेरून 999. एका बाई होत्या, स्विचबोर्डातून धूर येतोय हे सांगायला त्यांनी आधी "सो सॉरी टु बॉदर यू, आय नो इट्स लेट" पासून सुरुवात केली होती. मी तोवर टॉवेलची वही उघडली होती.

214 च्या काका-काकूंचा दुसऱ्या दिवशी सकाळी, मी निघायच्या बेतात असताना, परत फोन आला. ह्या वेळी काकूंनी स्वतः इंग्रजीत बोलायचं ठरवलं होतं. "गुड मॉर्निंग, दिस इज रूम टू वन फोर. कुड वी हॅव अ बकेट अँड अ मग, प्लीज?" वाक्य बिनचूक. सकाळच्या पाळीच्या मुलीने आनंदाने बर्फाची बादली आणि कॉफीचे दोन मग वर नेऊन दिले. आंघोळीच्या मगला तिथे जग म्हणतात, प्लॅस्टिक जग, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. खाली आल्यावर काकू म्हणाल्या, "असू दे गं. त्या मगात चहा छान झाला."